फोटोतली बुरशी

माझ्या धाकट्या बहिणीनं घरी लावलेल्या दह्याचा चक्का उत्तम उतरला होता आणि मी तो परभणीत बसून, फोटोवरून, नासका ठरवला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. वेळ नव्हता असंही नाही. चहा होता, खुर्ची होती, समोर मोठा मॉनिटर होता. माणसाला शहाणपण करायला जे जे लागतं ते सगळं हाताशी होतं, फक्त शहाणपण नव्हतं.

आता मला का विचारलं, ते सांगायला हवं. माझा फोटो स्टुडिओ आहे. आहे म्हणजे पाटी आहे. लग्नाची कामं आता ड्रोनवाली पोरं घेऊन जातात आणि माझ्याकडं उरतात ती पासपोर्टची तोंडं. पण आमच्या घराण्यात एक गैरसमज घट्ट बसलाय की, दादाला फोटोतलं कळतं. गेली कित्येक वर्षं काळ्या नवऱ्या गोऱ्या करून, टकलांवर केस उगवून मी पोट भरलं. फोटो किती खोटं बोलतो हे माझ्याइतकं जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक असेल, कारण त्यातलं बरंचसं खोटं मीच बोलायला लावलंय. असल्या माणसानं एका फोटोवर विश्वास ठेवावा, याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मी ठरवलंय, पण ते छापता येत नाही.

तर धोंड्याचा महिना होता. उन्हाळ्यातच आला होता यंदा, म्हणजे आधीच आमच्याकडं रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं त्या दिवसांत, लोकांनी जावयांना जेवायला बोलवायचं आणि जावयांनी ते घाम पुसत जेवायचं. बहीण राणीसावरगावला दिलेली. तिच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं लग्न हिवाळ्यात झालं, त्यामुळं जावयाचं हे पहिलं धोंडेजेवण. जावई एकटा येणार नव्हता. सोबत भाची होतीच, शिवाय त्याची आई, विहीणबाई, येणार होत्या.

या विहीणबाई देवगाव फाट्याकडच्या. लग्नात पंगतीला बसल्या, मठ्ठ्याचा एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि वाढप्याला मोठ्यानं म्हणाल्या, ‘‘असलं ताक आमच्याकडं म्हशीबी पीत न्हाईत.’’ मठ्ठा आचाऱ्याचा होता. पण ऐकावं लागलं माझ्या बहिणीला, आणि ते वाक्य तिच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं. त्या दिवसापासून तिनं ठरवलेलं, पहिल्या धोंड्याला श्रीखंड करायचं. विकतचं नाही. घरच्या म्हशीचं दूध, घरचं विरजण, घरचा चक्का. ते विहीणबाईंच्या वाटीत वाढायचं आणि त्यांच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं. बाकी आमरस, पुरणाचे धोंडे, अनारसे हे सगळं होतंच, पण तिच्या लेखी त्या दिवशी ताटात एकच पदार्थ होता. तो बिघडला तर लेकीला जन्मभर सासरी ताकावरून टोमणे ऐकावे लागतील, असं तिला वाटत होतं. तिचं वाटणं चुकीचंही नव्हतं. माणसं यापेक्षा कमी कारणावरून टोमणे मारतात. मी त्यांतलाच एक आहे.

ज्या दिवशी जेवण, त्या दिवशी सकाळीच फोन आला. मी स्टुडिओचं शटर नुकतंच वर केलं होतं.

‘‘दादा, फोटू पाठवलाव बघ. चक्का बरुबर हाय का ते सांग.’’

‘‘काय झालं?’’

‘‘राती लाईट गेलती. फ्रीज बंद. चक्का रातभर बाहीर अंगणातच टांगलेला व्हता. आता फडकं सोडलं तर मला कसातरीच दिसायलाय.’’

इथं कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की, बाई, नाक आहे ना? हुंग. जीभ आहे ना? चाट. ते मीही म्हणालो. एवढ्यापुरता मी शहाणा.

‘‘आत्याबाई वास घिऊ देत न्हाईत,’’ ती आवाज खाली आणून म्हणाली. ‘‘नैवेद्याचं हाय म्हन्त्यात. देवाच्या आधी नाक लावायचं न्हाई. मी तर तोंडाला पदर बांधून फडकं सोडलं.’’

तिची सासू म्हणजे एक वेगळंच प्रकरण. महिनाभर एकवेळचं जेवण, पहाटेची अंघोळ, आणि नैवेद्याच्या पदार्थाला कुणाचा श्वाससुद्धा लागता कामा नये. भाजी खारट झाली का अळणी, हे त्या घरात महिनाभर देवालाच आधी कळत होतं. पण म्हातारीच्या सोवळ्यात एक फट होती. डोळ्यांवर बंदी नव्हती. वास घ्यायचा नाही, चव घ्यायची नाही, बघायला मात्र हरकत नाही. आणि बघायचंच असेल तर परभणीत बसलेल्या दादानं का बघू नये? फोटोला ना श्वास, ना उष्टं तोंड. म्हातारीनंसुद्धा याला परवानगी दिली होती म्हणे. एवढं मोठं सोवळं, आणि आधार कशाचा, तर माझ्या डोळ्यांचा. देवानं हसू दाबलं असेल.

मी फोटो मॉनिटरवर घेतला. मोबाईलवर बघायचं ते सामान्य माणसांनी. समोर चहाला आलेले दोन मित्र बसले होते, त्यामुळं मी जरा खुर्चीत मागं रेलून, चष्मा कपाळावर सरकवून, डोळे बारीक करून बघितलं. असं बघितलं की माणूस तज्ज्ञ दिसतो.

फोटोत परात, परातीत उघडलेलं फडकं, फडक्यात चक्क्याचा गोळा. आणि तो गोळा हिरवट. शेजारी खाली ठेवलेलं पातेलं, त्यात निथळलेलं पाणी, तेही हिरवट-पिवळं. मी मोठा करून बघितलं. अजून मोठा केला. गोळ्यावर बारीक हिरवे-काळे ठिपके दिसायला लागले.

‘‘बुरशी,’’ मी म्हणालो.

‘‘बुरशीच,’’ एक मित्र म्हणाला. त्यानं आयुष्यात चहाचा कपसुद्धा स्वतः विसळलेला नाही.

‘‘विषारी असती ती हिरवी,’’ दुसरा म्हणाला. त्याला कुठल्याशा ग्रुपवर आलं होतं.

आता त्या फोटोत आणखी काय काय होतं, ते ऐका. परातीची कड हिरवी होती. पांढरं सुती फडकंही हिरवं होतं. कोपऱ्यात बहिणीचा अंगठा आला होता, तोही हिरवा. मी तेव्हा नीट बघितलं असतं, तर चक्क्याबरोबर माझ्या बहिणीलाही बुरशी चढल्याचं निदान करावं लागलं असतं. आख्खं चित्रच हिरवं असेल तर दोष पदार्थात नसतो, उजेडात असतो, हे मी स्टुडिओत कामाला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात शिकवत आलो. आणि ते ठिपके? कमी उजेडात स्वस्त मोबाईलनं काढलेला फोटो ताणून ताणून मोठा केला की असले ठिपके नवरीच्या गालावरसुद्धा येतात. त्यांना पुसायचे पैसे मी आजवर लोकांकडून घेतलेत. आणि निथळलेलं पाणी तर चांगल्या दह्याचंसुद्धा हिरवट-पिवळंच असतं. त्या पाण्याच्या भाकरी, कढी खाऊन मी लहानाचा मोठा झालो.

हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि दोन माणसं चहा पीत आपल्याकडं बघत असताना ते आठवणं वेगळं.

मी फोन लावला. ‘‘टाकून दे. पार गेलंय. हात साबणानं धू.’’

 पलीकडून बारीक आवाजात, ‘‘समदं गेलं का रे दादा? वरवरचं काढून टाकलं तर?’’

‘‘वरवरचं काढून काय होतंय? बुरशीची मुळं आत असतात. जावयाला दवाखान्यात घालायचंय का? आणि ती तुझी विहीण काय म्हणंल?’’

विहिणीचं नाव काढलं आणि तिचा बांध फुटला. मला अजून आठवतं, ती रडताना फक्त नाक ओढत होती. ज्या नाकाला चक्क्याजवळ जायला बंदी होती तेच.

तिला रडवून मी उदार झालो. ‘‘रडू नको. मी येणारच हाये ना? येताना शहरातून फस्क्लास श्रीखंड घेऊन येतो. कुणाला कळणार न्हाई विकतचं हाय म्हणून.’’

घरी डबा आणायला गेलो तर बायकोनं सगळं ऐकून घेतलं. गुडघ्यांमुळं ती एसटीत चढत नाही, पण जीभ धडधाकट आहे. ‘‘शेजारनीकडून हुंगून घ्यायचं की. फोटोवरून का कुनी दही ओळखतंय?’’

‘‘तुला त्यातलं कळत न्हाई.’’

‘‘दह्यातलं?’’ ती म्हणाली आणि डब्याचं झाकण माझ्या हातात आपटून आत गेली.

श्रीखंड मी घेतलं ते बाजारातल्या एका दुकानातून. सुटं, मोठ्या स्टीलच्या ट्रेमधलं. वर केशराच्या काड्या, पिस्त्याचे काप, काउंटरमध्ये पिवळे दिवे. असले दिवे मी ओळखतो, त्यांच्याखाली शिळा लाडूसुद्धा वराच्या बापासारखा तुकतुकीत दिसतो. ओळखतो म्हणालो ना? पण त्या दिवशी मी काहीच ओळखत नव्हतो. दुकानदारानं चमच्यावर चव घ्यायला दिलं. मला साखर आहे, रक्तातली, त्यामुळं मी हात हलवून नको म्हणालो. वास तरी घ्यायचा? तोही घेतला नाही. वेलची, जायफळ इतकं सढळ घातलं होतं की दुकानाच्या दारातूनच नुसतं वेलदोड्याचं काम. आंबट चक्का असला की तो असाच वेलची-साखरेखाली झाकतात, हे मला नंतर सांगण्यात आलं. बऱ्याच जणांकडून. बऱ्याच वेळा.

मी मात्र फोटो काढला. पिवळ्या दिव्याखाली, जरा तिरका, केशरावर फोकस. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘‘श्रीखंड असं असतं.’’ लगेच अंगठे, टाळ्या, तोंडाला पाणी सुटलेली पिवळी तोंडं. नांदेडच्या मावसभावानं ‘‘एक नंबर क्वालिटी’’ असं लिहिलं. नांदेडहून. असल्या माणसांच्या भरवशावर आपण जगतो. बहिणीनं फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं.

गंगाखेडमार्गे एसटी. गाडी भरलेली, डबा मांडीवर घ्यायचा तर घामानं तो घसरत होता, म्हणून ड्रायव्हरशेजारच्या इंजिनच्या झाकणावर ठेवला. सपाट जागा, डबा हलणार नाही, असा माझा विचार. डबा हलला नाही. आत काय काय हललं ते मला कसं दिसणार? खिडकीतून येणारं वारं भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं होतं आणि खाली इंजिन. विरजण लावायला कोमट दूध लागतं, दही आंबवायला उबदार जागा लागते, एवढं दुसरीतल्या मुलाला ठाऊक असतं. मी अख्खा प्रवासभर त्या डब्याला ऊब देत नेला. वर फडकंही टाकलं होतं, धूळ बसू नये म्हणून.

राणीसावरगावला पोचलो तेव्हा पाव्हणे येऊन बसले होते. विहीणबाई अंगणातल्या बाजेवर, पदरानं वारा घेत. अंगणावर हिरवी शेडनेट ताणलेली, उन्हाळ्यात गावोगाव ताणतात तशी. तिच्याखाली दाजी हिरवे, जावई हिरवा, बांधलेलं रेडकू हिरवं. मी त्या सगळ्यांना नमस्कार केला आणि तरीही माझ्या डोक्यात काही म्हणता काही प्रकाश पडला नाही. या वयात मेंदूची वायर सैल होते म्हणतात. माझी बहुतेक जोडलेलीच नव्हती.

बहीण स्वयंपाकघरात. डोळे सुजलेले. मी डबा दिला तसं तिनं हळूच झाकणाला हात घातला. झाकण किंचित फुगल्यासारखं बसलं होतं, ते ‘फुस’ करून सुटलं.

‘‘दादा, हे असं का वाजलं?’’

‘‘हवाबंद हाय. त्याला क्वालिटी म्हणतेत.’’

श्रीखंड सैल झालं होतं. कडेनं पाणी सुटलेलं, मधे चार-दोन बुडबुडे. तिनं बघितलं, मी बघितलं.

‘‘हलवून घे, जमतंय,’’ मी म्हणालो.

तिनं हुंगायला वाकायच्या आधीच देवघरातून म्हातारीचा आवाज आला, ‘‘नाक लांब ठिव गं! देवाचं हाय!’’

‘‘आपला टाकला का गं?’’ मी विचारलं.

‘‘न्हाई टाकला. आत्याबाई म्हनल्या, धोंड्याच्या महिन्यात अन्न उकिरड्यावर टाकायचं न्हाई. म्हशीला घालायचं म्हनून अंगणात टांगून ठिवलाय परत.’’ आणि मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘दादा, एकदा तू डोळ्यानं बघून घे की. कोणचा वाढू सांग. मला काईच सुचंना.’’

मी अंगणात गेलो. खांबाच्या खुंटीला गाठोडं लटकत होतं. शेडनेटखाली. मी फडक्याची कड उचलून आत डोकावलो. हिरवं. मी समाधानानं मान हलवली आणि आत येऊन म्हणालो, ‘‘माझाच वाढ.’’

त्या एका क्षणी तिला खरं सांगणारं कुणी असतं तर. पण तिथं मी होतो.

नैवेद्य दाखवला. म्हातारीनं डोळे मिटून, पाणी फिरवून, बराच वेळ पुटपुटत दाखवला. आणि धोंड्याचा जावई म्हणजे साक्षात नारायण, म्हणून नैवेद्याचं ते ताट उचलून थेट जावयापुढं ठेवलं. मधे कुणाला चमचाभर चाखायची सवडच नाही. माझ्या बहिणीनं जे बघायचं ठरवलं होतं, त्यासाठी ती पदराचं टोक मुठीत धरून विहीणबाईंच्या समोर उभी राहिली.

जावई गरीब पोरगा. त्यानं पुरीचा तुकडा मोडला, श्रीखंडात बुडवला, तोंडात घातला आणि थांबला. चावणं थांबलं, डोळे थांबले, सगळं थांबलं. मग त्यानं ते तसंच गिळलं. गळ्याची घाटी अशी वरखाली झाली की मलाच ढेकर आला. वर त्यानं माझ्या भाचीकडं बघून हसायचा प्रयत्न केला.

‘‘कसं झालंय?’’ बहिणीनं विचारलं.

‘‘चांगलंय,’’ जावई म्हणाला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावून रिकामा केला.

विहीणबाईंनी पोराकडं बघितलं. मग त्याच्या ताटातली वाटी उचलून नाकाशी नेली, नेली तशी हात लांब करून परत खाली ठेवली. लग्नातल्या मठ्ठ्याचा ग्लास ठेवला होता तशीच, जराही आवाज न करता.

‘‘खाऊ नको रे,’’ त्या पोराला म्हणाल्या. ‘‘फसफसलंय ते. सार ते ताट बाजूला.’’

बहिणीचा चेहरा बघवेना. ती भिंतीला टेकली. भाची तिच्यापेक्षा पांढरी पडली. देवघरातून म्हातारी बाहेर आली आणि तिचा सूर वेगळाच, ‘‘अगं म्हंजी नासकं दाखवलं का देवाला? नासकं?’’

मी निदान आता तरी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव. ‘‘प्रवासात गरमीनं जरा सैल झालं असंल,’’ मी म्हणालो, ‘‘मी दुकानात बघून घेतलंय. फोटो हाय माझ्याकडं.’’ आणि खरंच मोबाईल काढून पुढं केला. विहीणबाईंनी आधी फोटो बघितला, मग मला बघितलं. दोन्हीत त्यांना माझ्यापेक्षा फोटो बरा वाटला असावा.

‘‘विकतचं हाय का हे?’’ त्यांनी बहिणीला विचारलं. ‘‘घरचं करनार व्हता न्हवं तुमी? लेक सांगत व्हती, आईनं चार दिवसांपासून दूध साठवलंय म्हनून.’’

मग बहीण बोलली. रडत, तुटक तुटक, पण सगळं. लाईट गेली, चक्का बाहेर राहिला, वास घेता येईना, दादाला फोटो पाठवला, दादा म्हणाला बुरशी. ती मला दोष देत नव्हती, त्यामुळं ते ऐकणं जास्तच वाईट होतं.

‘‘कुठाय तो चक्का?’’

‘‘म्हशीला ठिवलाय. हिरवा पडलाय.’’

‘‘म्हशीला घालायचं का न्हाई ते मंग बघू. आदी मला दावा.’’

विहीणबाई उठल्या. खुंटीवरचं गाठोडं काढलं. म्हातारी आडवी आली, ‘‘नाक लावू नका बाई, त्योच दाखवावा लागंल आता देवाला.’’

‘‘आत्याबाई,’’ विहीणबाई म्हणाल्या, ‘‘नासकं दावून झालं ना एकदा? त्यापरीस हुंगलेलं चांगलं दावा. देवालाबी जीव हाय.’’ आणि शेडनेटच्या बाहेर, दाराबाहेरच्या लख्ख उन्हात जाऊन त्यांनी गाठ सोडली.

मी त्यांच्यामागून गेलो होतो, आपलं म्हणणं खरं ठरलेलं बघायला. आणि माझ्या डोळ्यांसमोर विहीणबाईंचा चेहरा हिरव्याचा सावळा झाला, साडी हिरव्याची लाल झाली, आणि फडक्यातला गोळा हिरव्याचा पांढरा झाला. पांढरा म्हणजे म्हशीच्या दुधाचा असतो तसा शुभ्र, घट्ट. ठिपका नाही, डाग नाही, तंतू नाही. 

विहीणबाईंनी घाई केली नाही. आधी वास घेतला, नाक अगदी आत घालून, बेशरमपणे. मग फडकं हळूच सोडवलं. चक्का फडक्याला न चिकटता एका ढेपेनं सुटून आला. मग बोटाच्या टोकावर घेऊन दोन बोटांत चोळला. आणि शेवटी जिभेवर ठेवला. आम्ही सगळे दारात उभे. बहिणीनं श्वास धरलेला. मी तर केव्हाचा सोडून बसलो होतो.

‘‘जरासाक आंबूस हाय,’’ विहीणबाई म्हणाल्या. बहिणीनं डोळे मिटले. ‘‘पर तेवढा लागतोच. साखर पिऊन घेईल. लय मऊ उतरलाय. विरजन कुनाचं?’’

‘‘घरचंच,’’ बहीण म्हणाली. 

‘‘मला द्या जाताना वाटीभर. आमच्याकडचं पातळ पडायलंय सद्या.’’

एवढंच. पण देवगाव फाट्याच्या त्या बाईनं विरजण मागितलं होतं, सगळ्यांच्या देखत, माझ्या बहिणीकडं. भाचीनं तोंड फिरवून डोळे पुसले. बहीण पदर खोचून कामाला लागली. पुरणयंत्र निघालं, पिठीसाखर निघाली. विहीणबाई पाटावर बसून दांडा फिरवायला लागल्या आणि माझी बहीण वरून चक्का घालत राहिली. दोघी एकमेकींशी माझ्या विषयावर बोलत होत्या आणि हसत होत्या. माझ्यामुळं का होईना, दोन्ही घरं एकत्र आली, असं मी दाजींना म्हणालो. दाजी उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले.

माझ्या डब्याचं काय झालं विचाराल, तर तो म्हशीपुढं नेला होता. तिनं हुंगला आणि मान फिरवली.

दुसऱ्यांदा नैवेद्य दाखवला. जावयानं दुसऱ्यांदा पुरी मोडली, या वेळी जरा सावधपणे, मग भराभर. विहीणबाईंची वाटी रिकामी झाली तेव्हा बहीण त्यांच्या तोंडाकडं बघत समोरच उभी होती, आणि त्यांनी बोट फिरवून वाटी चाटली. हा फोटो काढायला हवा होता. माझा हात खिशाकडं गेलासुद्धा. पण तेवढी अक्कल मला उशिरा का होईना आली, मी हात तिथूनच परत आणला आणि नाक खाजवलं.

पंगत उठली तेव्हा देवघराच्या उंबऱ्यावर बसलेल्या म्हातारीनं माझ्याकडं बोट करून बहिणीला विचारलं, ‘‘ह्यो मानूस कोन गं? सकाळपून ह्याच्यापायी सोवळं मोडायलंय.’’

‘‘आत्याबाई, असं काय करता? माझा दादा न्हाई का? स्टुडिओवाला. त्याला खान्यापिन्यातलं कळत न्हाई, पर फोटोतलं लय कळतं.’’

म्हातारीनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

‘‘फोटूतलं? ह्याला?’’ ती म्हणाली. ‘‘नातीच्या लग्नाच्या फोटूत माझं मुंडकंच ठिवलं न्हाई ह्यानं. नुसतं लुगडं उभं हाय.’’